पोकेमॉनमधील स्पर्धात्मक संघबांधणी

पोकेमॉन ही जपानमधील गेम फ्रीक या संस्थेने घडवलेली आणि निन्टेन्डोने प्रकाशित केलेली व्हिडिओ खेळांची मालिका आहे. तिचे पहिले दोन खेळ फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये प्रकाशित झाले. काल्पनिक प्राणी पकडणे, त्यांना वाढवणे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवणे हे तिचे स्वरूप असून 'प्राणिसंग्रहाचे खेळ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात ती सर्वाधिक परिचित आहे. खेळातील कथा पूर्ण करण्यासाठी आवडते सहा प्राणी पुरेसे होतात; माणसाविरुद्धच्या स्पर्धेत मात्र ते पुरत नाहीत. तेथे एकमेकांची उणीव भरून काढणारा संघ लागतो. प्रस्तुत लेखात असा पहिला संघ कसा उभारला जातो, हे एका उदाहरणाच्या आधारे दिले आहे. नियम स्कार्लेट आणि व्हायोलेट (२०२२) या खेळांतील आहेत.

हे खेळ मराठीत उपलब्ध नाहीत. त्यामुळे प्राणी, चाली व वस्तू यांची नावे मूळ उच्चारानुसार, तर प्रकार आणि गुण यांची नावे अर्थानुसार मराठीत दिली आहेत.

## प्रकार आणि बलाबल

प्रत्येक प्राण्याला एक किंवा दोन प्रकार असतात आणि प्रत्येक चालीला एक. प्रकारांची संख्या आज अठरा आहे. १९९६ मध्ये ती पंधरा होती. १९९९ मध्ये पोलाद व अंधार आणि २०१३ मध्ये परी या प्रकारांची भर पडली. २०१३ मध्येच पोलादाचा भूत व अंधार या प्रकारांविरुद्धचा प्रतिकार काढून टाकण्यात आला. म्हणून बलाबलाचे कोष्टक वापरताना ते कोणत्या वर्षाचे आहे, हे आधी पाहावे लागते.

चालीचा प्रकार समोरच्या प्रकारावर भारी असेल तर आघात दुप्पट होतो, दुबळा असेल तर निम्मा, आणि काही जोड्यांत शून्य. प्राण्याला दोन प्रकार असल्यास दोन्हींचे गुणक परस्परांशी गुणले जातात. गारचॉम्प हा ड्रॅगन आणि भूमी या प्रकारांचा प्राणी याचे उत्तम उदाहरण आहे. हिम ड्रॅगनवरही भारी आणि भूमीवरही भारी. म्हणून गारचॉम्पवर हिमाचा आघात चौपट होतो. जल भूमीवर भारी असले तरी ड्रॅगन त्याला निम्मे करतो, त्यामुळे आघात साधाच राहतो. विजेचा भूमीवर काहीच परिणाम होत नाही, म्हणून गुणाकार शून्य येतो. शिवाय प्राण्याने स्वतःच्याच प्रकारातील चाल वापरली तर तिचे बळ दीडपट होते. गारचॉम्पच्या हातची अर्थक्वेक ही चाल म्हणूनच धाकदायक ठरते: तिचे मूळ बळ १००, प्रत्यक्षात १५०.

## संघाचा समतोल

समतोल म्हणजे सहा वेगवेगळे प्रकार गोळा करणे, असा एक समज आढळतो. तो अपुरा आहे. एका प्राण्यावर जो आघात भारी पडतो, तो झेलू शकणारा दुसरा प्राणी संघात असणे, हा समतोलाचा खरा अर्थ होय. कारण झुंजीत एक वेळ खर्चून प्राणी बदलता येतो, आणि आत येणाऱ्याने तो आघात सोसला पाहिजे.

गारचॉम्पवर हिम चौपट आणि ड्रॅगन व परी दुप्पट भारी पडतात. पोलाद या तिन्हींना निम्मे करते, म्हणून त्याच्या जोडीला कीटक व पोलाद या प्रकारांचा सिझर घेता येतो. सिझरला एकच भय आहे ते अग्नीचे; पण ते चौपट आहे. गारचॉम्पमधील ड्रॅगन अग्नीला निम्मे करतो, तरीही एवढ्या मोठ्या उणिवेला एकच आधार पुरेसा मानला जात नाही. तिसरा प्राणी वॉश रोटम घेतल्यास हा प्रश्न सुटतो. (कपडे धुण्याच्या यंत्रात शिरलेले हे भूत असले तरी या रूपात त्याचे प्रकार वीज आणि जल असे होतात.) तो अग्नी आणि हिम या दोन्हींना निम्मे करतो. विजेवर भूमी भारी असली तरी लेव्हिटेट या अंगभूत क्षमतेमुळे तो अधांतरी राहतो आणि भूमीच्या चाली त्याला लागत नाहीत. उरते फक्त तृण, आणि तृणाचा आघात सिझर एक-चतुर्थांशावर आणतो. अशा रीतीने तिघांचे वर्तुळ पूर्ण होते.

मात्र हे वर्तुळ संरक्षणापुरतेच आहे. समोर अमूंगस हा तृण व विष या प्रकारांचा छत्रीसारखा प्राणी आला, तर ते उघडे पडते. या तिघांच्या सहा प्रकारांपैकी एकही त्याच्यावर भारी नाही: भूमी, ड्रॅगन, कीटक आणि पोलाद यांचा आघात साधा, तर जल आणि वीज यांचा निम्मा. दरम्यान तो स्पोर या चालीने प्रतिस्पर्ध्याला हमखास झोपवतो. म्हणून चौथा प्राणी अग्नी प्रकाराचा लागतो. अर्कानाइन येथे योग्य ठरतो, कारण इंटिमिडेट या क्षमतेने तो मैदानात येताच समोरच्यांचे आक्रमण खाली आणतो. त्याच्यावर भारी पडणाऱ्या तीन प्रकारांपैकी जल आणि भूमी रोटम सांभाळतो, आणि खडक गारचॉम्प.

अधिकृत स्पर्धांमध्ये दोनास दोन अशी झुंज होते. संघातील सहांपैकी चार प्राणी प्रत्येक डावासाठी निवडले जातात. अर्थक्वेक ही चाल अशा झुंजीत शेजारी उभ्या असलेल्या स्वतःच्या जोडीदारालाही लागते. रोटम अधांतरी असल्याने त्याला तिची झळ नाही, पण अर्कानाइनला ती दुप्पट बसते. गारचॉम्प आणि अर्कानाइन एकत्र उतरवायचे असतील तर अर्थक्वेकऐवजी एकालाच लागणारी स्टॉम्पिंग टँट्रम ही चाल शिकवावी लागते. तिचे मूळ बळ ७५, म्हणजे कमीच, पण जोडीदार गमावण्यापेक्षा ते बरे. कागदावर जुळलेली जोडी मैदानात बिघडते ती बहुधा अशाच एखाद्या कारणाने.

उरलेल्या दोन जागा भरण्यापूर्वी अठरा प्रकारांचे रकाने आखून प्रत्येक प्राण्यापुढे गुणक लिहून काढणे उपयुक्त ठरते. एखाद्या रकान्यात तिघे दुबळे आणि झेलणारा एकच दिसला, तर उणीव तेथे आहे.

## जन्मजात मूल्ये आणि वेग

एकाच जातीचे दोन प्राणीही सारखे नसतात. प्राणशक्ती, आक्रमण, संरक्षण, विशेष आक्रमण, विशेष संरक्षण आणि वेग या प्रत्येक गुणासाठी प्राण्याला ० ते ३१ पर्यंतचे एक जन्मजात मूल्य मिळते. त्याखेरीज सरावाने एकूण ५१० गुण मिळवता येतात, पण एका गुणात २५२ हून अधिक नाहीत. स्वभाव पंचवीस असून बहुतेक स्वभाव एक गुण दहा टक्क्यांनी वाढवतात व दुसरा तितकाच घटवतात. गारचॉम्पसाठी सहसा जॉली हा स्वभाव निवडतात. तो वेग वाढवतो आणि विशेष आक्रमण घटवतो. गारचॉम्प विशेष आक्रमण क्वचितच वापरत असल्याने त्यात तोटा नाही.

स्पर्धेत सर्व प्राणी ५० व्या पातळीवर आणले जातात. या पातळीवर जॉली स्वभावाच्या, वेगाचा सराव पूर्ण केलेल्या गारचॉम्पचा वेग जन्मजात मूल्य ३१ असल्यास १६९, आणि ३० असल्यास १६८ होतो. हा एकाचा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु समोरही गारचॉम्पच असेल तर १६८ वेगाचा प्राणी नेहमीच मागाहून चाल करतो, तर दोन्हीकडे १६९ असल्यास कोणाची चाल आधी, हे दैवावर ठरते. ड्रॅगनवर ड्रॅगन भारी असल्याने गारचॉम्पची ड्रॅगन क्लॉ ही चाल संरक्षणाचा सराव न केलेल्या दुसऱ्या गारचॉम्पची तीन-चतुर्थांशाहून अधिक प्राणशक्ती एका फटक्यात काढते. दुसऱ्या फटक्यात झुंज संपते; मग पहिला फटका कोणाचा, एवढाच प्रश्न उरतो. मूल्य २८ वर घसरले तर वेग १६७ होतो, आणि तेवढाच वेग सॅलमेन्ससारखे मूळ वेग १०० असलेले प्राणी गाठू शकतात.

## प्रजनन

प्रजननाची सोय १९९९ च्या गोल्ड आणि सिल्व्हर या खेळांपासून आहे. अंड्यातून मादीच्या जातीचे, उत्क्रांतीच्या पहिल्या पायरीवरील पिल्लू निघते. म्हणून गारचॉम्प हवा असल्यास गिबल मिळतो. डिट्टो हा प्राणी जवळजवळ कोणाशीही जुळतो आणि त्याच्याशी जोडी केल्यास पिल्लू दुसऱ्या पालकाच्या जातीचे होते. रोटमला लिंग नसल्याने त्याचे प्रजनन फक्त डिट्टोबरोबरच होऊ शकते.

आईबापांची मिळून बारा जन्मजात मूल्ये असतात. एरवी त्यांतील तीनच पिल्लाकडे जातात. एका पालकाकडे डेस्टिनी नॉट ही वस्तू दिल्यास पाच जातात. कोणते पाच गुण आणि प्रत्येक कोणाकडून, हे यदृच्छया ठरते. उरलेल्या गुणाचे मूल्य नव्याने पडते. दुसऱ्या पालकाकडे एव्हरस्टोन दिला तर त्याचा स्वभाव पिल्लाला खात्रीने मिळतो.

समजा, जॉली स्वभावाचा आणि विशेष आक्रमण सोडून पाचही मूल्ये ३१ असलेला डिट्टो हाताशी आहे. त्याला एव्हरस्टोन आणि सामान्य मूल्यांच्या गिबलला डेस्टिनी नॉट द्यावा. पहिल्या काही अंड्यांत दोन-तीन चांगली मूल्ये उतरतात. त्यांतील सरस पिल्लू जुन्या गिबलच्या जागी आणावे आणि हाच क्रम चालू ठेवावा. गिबलही डिट्टोच्या बरोबरीला आला की हिशेब सोपा होतो. नव्याने पडणारा गुण विशेष आक्रमण असण्याची शक्यता सहात एक, आणि तो दुसरा असून त्याचे मूल्य नेमके ३१ पडण्याची शक्यता फार थोडी. दोन्ही मिळून सुमारे १९ टक्के, म्हणजे सरासरी पाच अंड्यांत एक हवे तसे पिल्लू. गिबलची रफ स्किन ही गुप्त क्षमताही हवी असेल, तर ती असलेला गिबलच पालक घ्यावा लागतो. ती ६० टक्के वेळा उतरते, त्यामुळे सरासरी नऊ अंड्यांपर्यंत जाते.

अनेक पिढ्या उलटूनही मूल्ये सुधारत नसतील, तर पालकाची मूल्ये तपासावीत. २०१६ पासून बॉटल कॅप देऊन एखाद्या गुणाचे मूल्य ३१ असल्याप्रमाणे धरले जाईल, अशी सोय आहे. पण ते वाढवलेले मूल्य वारशाने जात नाही, मूळचेच जाते. मूल्यमापनाच्या पडद्यावर अशा गुणापुढे `Hyper trained!` असे दिसते, जन्मजात ३१ पुढे `Best` आणि ३० पुढे `Fantastic`. तेच मिंट या वस्तूचे: तिच्याने स्वभावाचा गुणांवरील परिणाम बदलतो, पण एव्हरस्टोन मूळ स्वभावच पुढे देतो.

बॉटल कॅप आणि मिंट सहज मिळू लागल्यापासून केवळ ३१ साठी प्रजनन करण्याची गरज पुष्कळ कमी झाली आहे. मूल्य कमीत कमी हवे असेल तेव्हा मात्र ते अजूनही उपयोगी पडते, कारण कोणतीही वस्तू मूल्य खाली आणत नाही. ट्रिक रूम या चालीनंतर पाच फेऱ्यांपर्यंत मंद प्राणी आधी चाल करतात. अशा संघात वेगाचे मूल्य ० असलेल्या प्राण्याला महत्त्व येते.

## मर्यादा

स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये प्रत्येक बाजूला झुंजीत एकदा एका प्राण्याचे टेरास्टलीकरण करता येते, आणि त्यामुळे त्याचा प्रकार बदलू शकतो. हिमाच्या चालीची वाट पाहणारा गारचॉम्प पोलादी झाला, तर चौपट बसणारा आघात निम्म्यावर येतो. म्हणजे वर दिलेले वर्तुळ समोरचा खेळाडू एका फेरीत मोडू शकतो. कोणते प्राणी चालतील याचे नियमही स्पर्धेच्या हंगामागणिक बदलतात. त्याच जातीचे दोन प्राणी किंवा तीच वस्तू दोघांकडे, हे मात्र अधिकृत दुहेरी झुंजीत चालत नाही.