मुलीच्या पत्रिकेत गुरू, मुलाच्या पत्रिकेत शुक्र : एका जोडीचा इतिहास

१/ नेवासा तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. प्रवरासंगम आणि टोके येथे प्रवरा तिला मिळते, आणि पात्राच्या पलीकडे कायगाव लागते. मुहूर्तशास्त्राच्या एका जुन्या नियमाने पाहिले, तर हे पात्र म्हणजे विवाहाची सीमारेषा आहे. गुरू सिंह राशीत असताना, म्हणजे सिंहस्थात, गोदावरीच्या उत्तर तीरापासून भागीरथीच्या दक्षिण तीरापर्यंतच्या प्रदेशात विवाह वर्ज्य मानला आहे; इतरत्र हा दोष नाही. नियम अक्षरशः घेतला, तर कायगावात थांबलेले लग्न नेवाशात लागू शकते.

२/ हा नियम राम दैवज्ञाच्या ‘मुहूर्तचिंतामणी’त आहे. ग्रंथ शके १५२२ मध्ये, म्हणजे इ. स. १६०० च्या सुमारास काशीत पूर्ण झाला. पण ग्रंथकाराचे घराणे मूळचे विदर्भातील धर्मपूरचे. त्याचा वडील बंधू नीलकंठ हा ‘ताजिकनीलकंठी’चा कर्ता. सूर्य मेषेत असताना, म्हणजे साधारण १४ एप्रिल ते १४ मे या महिन्यात, सिंहस्थाचा दोष उरत नाही, अशी सवलतही याच नियमात आहे. प्रश्न असा की, विवाहाचा आणि गुरूचा एवढा घट्ट संबंध आला कोठून? आज पत्रिका पाहताना ‘मुलीच्या पत्रिकेत गुरू पाहा, मुलाच्या पत्रिकेत शुक्र पाहा’ असे सर्रास सांगितले जाते. ही जोडी वाटते तितकी सरळ परंपरेतून आलेली नाही.

३/ प्रथम ‘कारक’ म्हणजे काय, ते पाहू. पत्रिकेत एखादा विषय तीन ठिकाणी तपासतात. विवाहासाठी पहिले ठिकाण सप्तम भाव, म्हणजे लग्नराशीपासून मोजलेले सातवे घर. दुसरे सप्तमेश, म्हणजे त्या घरातील राशीचा स्वामी. तिसरे कारक, म्हणजे त्या विषयाचा कायमचा प्रतिनिधी मानलेला ग्रह. भाव आणि भावेश प्रत्येक पत्रिकेत लग्नानुसार बदलतात. नैसर्गिक कारक मात्र बदलत नाही. म्हणून तो एकटा निर्णय देत नाही. जो ग्रह सर्वांच्याच पत्रिकेत एकाच विषयाचा प्रतिनिधी आहे, त्याच्यावरून एका व्यक्तीचे वेगळेपण कसे सांगणार? भाव आणि भावेश यांनी जे सुचवले, त्याला कारक दुजोरा देतो किंवा त्यात उणेपणा दाखवतो. त्याचे काम एवढेच.

४/ एक कल्पित उदाहरण घेऊ. एकाच वेळी जन्मलेली जुळी भावंडे, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघांचेही लग्न वृषभ. सातवी राशी वृश्चिक, तिचा स्वामी मंगळ. तो मकरेत, म्हणजे उच्च राशीत, नवम भावात आहे. शुक्र मीनेत, तोही उच्चीचा. गुरू मात्र कुंभेत सूर्याच्या अगदी निकट, म्हणजे अस्तंगत. दोघांच्या पत्रिकेत सप्तम भाव तोच, सप्तमेश तोच. फरक पडतो फक्त तिसऱ्या ठिकाणी. मुलाचा कारक शुक्र बलवान, म्हणून त्याच्यासाठी तिन्ही साक्षी एकमताने अनुकूल. मुलीचा कारक गुरू दुर्बल, म्हणून तिच्यासाठी ‘विवाह होईल, पण विलंबाने’ असे फलित सांगितले जाते. आकाश एकच, कुंडली एकच. निष्कर्ष मात्र केवळ कारकाच्या निवडीने बदलला.

५/ म्हणून ही निवड कोणी आणि कशाच्या आधारे केली, हा इतिहासाचा प्रश्न ठरतो. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त स्त्रीजातकाचा स्वतंत्र अध्याय आहे. जी फळे स्त्रीला लागू पडत नाहीत ती तिच्या पतीची समजावीत, असे तेथे सांगितले आहे. देह आणि रूप लग्न व चंद्रावरून, पती सप्तमावरून, वैधव्य अष्टमावरून पाहावे, अशी त्याची मांडणी आहे. त्रिंशांशांचा, म्हणजे राशीच्या सूक्ष्म विभागांचा, विचारही तो करतो. पतीसाठी गुरू हा वेगळा कारक मात्र या मांडणीत नाही.

६/ मंत्रेश्वराच्या ‘फलदीपिके’त बाराही भावांचे कारक दिले आहेत. तेथे सप्तम भावाचा कारक शुक्र आहे, आणि ही यादी स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. पराशरांच्या नावावर असलेल्या ‘बृहत्पाराशरहोराशास्त्रा’च्या आज उपलब्ध असलेल्या पाठात तर याहून लक्षणीय गोष्ट आढळते. नातलगांचे स्थिर कारक सांगताना तेथे गुरूकडे पितामह, म्हणजे आजोबा, सोपवला आहे आणि पती शुक्राकडे दिला आहे. आज जी जोडी प्राचीन म्हणून सांगितली जाते, तिच्यापैकी गुरूची बाजू या जातकग्रंथांतून थेट निघत नाही.

७/ ती निघते मुहूर्तशास्त्रातून. जातक म्हणजे जन्मकाळावरून फल सांगणारी शाखा. मुहूर्त म्हणजे एखादे कार्य केव्हा करावे हे सांगणारी शाखा. विवाहमुहूर्त काढताना वधूला गुरुबळ, वराला रविबळ आणि दोघांना चंद्रबळ पाहावे, हा नियम महाराष्ट्रातील पंचांग पाहणाऱ्या घरांना आजही परिचित आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुहूर्तात गुरूच्या समोर उभा आहे तो रवी, शुक्र नव्हे. म्हणजे ‘गुरू आणि शुक्र’ ही आजची जोडी दोन निरनिराळ्या शाखांतून एकेक ग्रह घेऊन जुळली आहे: शुक्र जातकातील सप्तम भावाचा कारक म्हणून, आणि गुरू मुहूर्तातील वधूचे बळ म्हणून.

८/ गुरुबळ मोजण्याची रीत सोपी आहे. मुलीच्या जन्मराशीपासून, म्हणजे जन्मकाळी चंद्र ज्या राशीत होता तेथून, सध्याचा गुरू कितव्या राशीत आहे ते मोजतात. दुसरा, पाचवा, सातवा, नववा आणि अकरावा गुरू श्रेष्ठ. पहिला, तिसरा, सहावा आणि दहावा पूजा करून चालतो. चौथा, आठवा आणि बारावा निंद्य. उदाहरणार्थ, मे २०२५ मध्ये गुरू मिथुनेत आला. मीन राशीच्या मुलीला तो चौथा, वृश्चिकेच्या मुलीला आठवा आणि कर्केच्या मुलीला बारावा झाला. तिघींनाही गुरुबळ उरले नाही. वृषभेच्या मुलीला तोच गुरू दुसरा, म्हणजे श्रेष्ठ.

९/ गुरू एका राशीत साधारण एक वर्ष राहतो आणि बारा वर्षांत राशिचक्र पुरे करतो. त्यामुळे बारा वर्षांत पाच वर्षे उत्तम, चार वर्षे पूजेने साधणारी आणि तीन वर्षे वर्ज्य, असा हिशेब बसतो. आज विशीपंचविशीत लग्न करणाऱ्या मुलीला एक वर्ष थांबणे विशेष वाटणार नाही. परंतु धर्मशास्त्राने कन्येच्या विवाहासाठी आठ ते दहा वर्षांचे वय प्रशस्त मानले होते, त्या काळात या हिशेबाचा अर्थ फार वेगळा होता. विवाहाची इष्ट मुदतच दोन-तीन वर्षांची. त्यातले एक वर्ष गुरूने नाकारले, तर उरलेल्या वर्षांत लग्न उरकण्याची घाई होणे स्वाभाविक होते. मुलगी आणखी लहान असतानाच स्थळ पक्के करण्याला ग्रहगणिताचेही निमित्त मिळत असे.

१०/ आता मुख्य मुद्दा. गुरुबळाचा वरील नियम ‘मुहूर्तचिंतामणी’त केवळ कन्येसाठी सांगितलेला नाही. तो ‘बटू’ आणि ‘कन्या’ या दोघांसाठी एकत्रच सांगितला आहे. बटू म्हणजे ज्याची मुंज व्हायची आहे तो मुलगा. मुंजीला गुरुबळ हवे, हे सहज समजते. मुलगा गुरूच्या घरी विद्या शिकायला निघाला आहे आणि बृहस्पती हा देवांचा गुरू आहे. मग विवाहाला निघालेली मुलगी त्याच नियमात कशी आली?

११/ उत्तर मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. स्त्रीच्या बाबतीत विवाहविधी हाच वैदिक संस्कार, पतीची सेवा हाच गुरुगृही निवास आणि घरकाम हीच अग्निसेवा, असे तेथे म्हटले आहे. मुलाची मुंज आणि मुलीचे लग्न ही धर्मशास्त्राने समान पातळीवर ठेवली. मुलाचा आचार्य आणि मुलीचा पती यांची जागा एक झाली. त्या चौकटीत ‘गुरू’ हा ग्रह पतीचा सूचक होणे ही सरळ परिणती आहे. आज त्याचे स्पष्टीकरण ‘गुरू म्हणजे सुज्ञ, सुस्वभावी पती’ असे दिले जाते. त्या सौम्य भाषेखाली मुलीची पाठशाळा म्हणजे सासर, ही जुनी कल्पना आहे. उलट पुरुषाच्या पत्रिकेत पत्नीचा कारक शुक्र, म्हणजे सुख, सौंदर्य आणि भोग यांचा ग्रह. एकीला शिक्षक, दुसऱ्याला सुख, अशी ही वाटणी आहे.

१२/ ही चौकट कायद्याने आणि शिक्षणाने मोडली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे किमान विवाहवय चौदा केले. तो १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले. मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली. विवाह हा तिच्या मुंजीचा पर्याय राहिला नाही. गुरुबळाचे मूळ कारण संपले, गुरू मात्र राहिला. मुहूर्ताच्या वेळी विचारला जाणारा ग्रह आता स्थळ पाहतानाच, जन्मपत्रिकेत, विवाहाचा कारक म्हणून विचारला जातो.

१३/ म्हणून पुढच्या वेळी ‘मुलीचा गुरू बिघडला आहे’ असे ऐकले, तर दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. बोलणारा जन्मकाळच्या गुरूबद्दल बोलतो आहे, की आज आकाशात असलेल्या गुरूबद्दल? पहिला आयुष्यभर तसाच राहतो. दुसरा वर्षभरात राशी बदलतो. या दोहोंची सरमिसळ झाली, की एका वर्षाची अडचण आयुष्यभराचा दोष म्हणून मुलीच्या माथी मारली जाते. तसेच सप्तम भाव आणि सप्तमेश न पाहता केवळ कारकावरून दिलेला निकाल हा त्या शास्त्राच्या स्वतःच्या नियमांनीही अपुरा आहे. जुळ्या भावंडांच्या त्या पत्रिकेत बहिणीच्या विवाहाला विलंब सुचवणारा गुरू आकाशात तिच्या भावासाठीही तितकाच अस्तंगत होता. त्याच्या बाबतीत तो कोणी पाहिला नाही, कारण त्याने गुरूकडे शिकायला जायचे होते आणि तिने सासरी.