विदा-व्यवस्थापन आराखडा (वैद्यकीय अभ्यासातील)

वैद्यकीय अभ्यासात सहभागी व्यक्तींची माहिती कोणत्या सांकेतिक क्रमांकाखाली नोंदायची, ओळख पुसून ती निनावी कशी करायची, कुठे आणि किती काळ ठेवायची व कोणाला द्यायची, हे अभ्यास सुरू होण्याआधी लिहून ठरवणारा दस्तऐवज. यातला सर्वांत मोठा गैरसमज असा, की नाव काढून क्रमांक घातला म्हणजे माहिती निनावी झाली. क्रमांकाची नावाशी सांगड घालणारी जोडयादी जोपर्यंत कोणाकडे तरी आहे, तोपर्यंत ती माहिती सांकेतिक असते, निनावी नव्हे. त्यामुळे आराखड्याचा खरा विषय जोडयादी हाच आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेला माता-पोषण अभ्यास यासाठी तपासून पाहण्याजोगा आहे. आईचा आहार आणि मुलाला पुढे होणारा मधुमेह यांचा संबंध शोधायचा, तर तीच मुले सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा मोजावी लागतात. अशा अभ्यासात जोडयादी जाळून टाकली, तर अभ्यासच संपतो. यादी नष्ट करणे हाच सुरक्षित मार्ग, असे म्हणणारे हे विसरतात की यादीवाचून एखाद्या मुलाच्या रक्तात वाढलेली साखर त्याच्या घरी कळवता येत नाही आणि ज्याला अभ्यासातून बाहेर पडायचे आहे त्याची नोंदही शोधता येत नाही. म्हणून यादी ठेवायची, पण मोजमापांपासून वेगळ्या, कूटबद्ध जागी. ती उघडण्यास दोघांची संमती लागेल आणि प्रत्येक उघडणीची नोंद राहील अशी. सांकेतिक क्रमांकात आद्याक्षरे, जन्मतारीख किंवा रुग्णालयाचा केसपेपर क्रमांक कधीच नसावा. तो यादृच्छिक असावा. शेवटी एक तपासअंक जोडला, की 0417 च्या जागी 0471 लिहिल्याची चूक नोंद भरतानाच पकडली जाते.

आता ही माहिती बाहेरच्या संशोधकाला द्यायची आहे असे समजू. साधारण साडेसातशे बाळे, सहा गावे, जन्मांचा काळ सुमारे दोन वर्षे. सरासरीने एका गावात एका महिन्याला पाचच जन्म येतात. त्यात मुलगा की मुलगी हे कळले तर दोन-तीन उरतात, आणि ग्रॅमपर्यंतचे जन्मवजन दिले तर एकच बाळ उरते. ज्याच्या हाती दाईची किंवा उपकेंद्राची वही आहे, त्याला जोडयादीची गरजच पडत नाही. शेऱ्याच्या रकान्यात कोणी ‘सरपंचांची सून’ असे लिहून ठेवले असेल, तर एवढीही मेहनत नको. म्हणून गावाऐवजी अभ्यासक्षेत्र, तारखेऐवजी तपासणीच्या दिवशीचे वय, वजन जवळच्या शंभर ग्रॅमपर्यंत, शेरे पूर्ण वगळलेले, आणि त्यानंतर कोणत्याही गुणसमूहात पाचांहून कमी माणसे उरत नाहीत ना याची मोजणी, एवढे करावे लागते. ओळख देणारा रकाना मात्र जागेप्रमाणे बदलतो. पानिपतजवळ काला अंबच्या परिसरात असा अभ्यास आखला, तर ज्या गावात रोड मराठ्यांची घरे मोजकी आहेत तिथे समाजाचा रकानाच बोट दाखवील. पुण्याचा आराखडा तिथे जसाच्या तसा चालणार नाही.

यावर संशोधकांचा आक्षेप रास्त आहे: शंभर ग्रॅमच्या टप्प्यांत बारीक फरक हरवतात. उपाय म्हणजे दोन प्रती. भरड प्रत सर्वांना खुली. बारीक प्रत लेखी करार करून, ओळख शोधणार नाही अशी हमी देणाऱ्या संशोधकालाच. परदेशी सहकार्य असेल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते, हेही आराखड्यात हवे.

काही गोष्टी निनावी होतच नाहीत. असुरक्षित गटातल्या व्यक्तींवर नव्या औषधाची चाचणी करताना संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते. एचआयव्ही व कुष्ठरोगाच्या औषधांसाठी केवळ ध्वनिमुद्रण चालते, कारण चेहरा उघड होणे हीच तिथे इजा. हे चित्रण जोडयादीइतकेच जपायचे आणि कधीही वाटायचे नाही. माहिती वाटण्याची परवानगी मुळात संमतिपत्रातूनच येते, आणि लहानपणी आईवडिलांनी दिलेली संमती मूल अठरा वर्षांचे झाल्यावर पुरत नाही. त्याची स्वतःची संमती नव्याने घ्यावी लागते. ती तारीख आराखड्यात आधीच लिहिलेली असावी. जोडयादी कोणाकडे आहे, ती कधीपर्यंत राहील आणि ती उघडण्याचा निर्णय कोण घेईल, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या आराखड्यात नाहीत, तो नीती समितीने मंजूर न करता परत पाठवावा.