पृथ्वीप्रदक्षिणेचे तिकीट

१९४७ सालच्या जून महिन्यात पॅन अमेरिकन कंपनीचे ‘क्लिपर अमेरिका’ हे विमान न्यूयॉर्कहून पूर्वेकडे निघाले. लंडन, इस्तंबूल, कराची, कलकत्ता, बँकॉक असे मुक्काम घेत जगाभोवती फिरणारी नेमाची विमानसेवा तेव्हापासून सुरू झाली. मौज अशी की, ही प्रदक्षिणा पुरी होतच नसे! अमेरिकेतील अंतर्गत मार्गांचा परवाना कंपनीपाशी नव्हता. त्यामुळे साधा प्रवासी सॅन फ्रान्सिस्कोला उतरे आणि न्यूयॉर्कपर्यंतचा शेवटचा तुकडा दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जोडून घेई. १९८२ साली ही सेवा बंद पडली.

एका कंपनीला न साधलेले वर्तुळ पुढे कंपन्यांच्या संघांनी जुळवले. १९९७ साली ‘स्टार अलायन्स’ निघाला, १९९९ साली ‘वनवर्ल्ड’. दोघेही जगप्रवासाचे एकच तिकीट विकतात. पण मोजण्याची पट्टी निराळी. वनवर्ल्डचे मुख्य तिकीट खंड मोजते, स्टारचे मैल. दोन्हींत सोळाच टप्पे, मुदत वर्षाची, आणि अटलांटिक व पॅसिफिक हे दोन्ही महासागर एकाच दिशेने ओलांडायचे. निघालो त्याच देशात परत यायचे, हेही आलेच.

आता मुंबईहून निघून पाहू. सिंगापूर, टोकियो, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, फ्रँकफर्ट आणि पुन्हा मुंबई हे अंतर सुमारे २१,४०० मैल भरते. स्टारची नेहमीची पायरी २९,००० मैलांची. म्हणजे बरीच जागा उरली. सिंगापूरहून सिडनीला जाऊन मग टोकियो गाठले, तर बेरीज २६,८५० च्या आसपास जाते. पायरी तीच राहते. पण न्यूयॉर्कहून ब्युनॉस आयर्सला जाऊन परत यायचा मोह झाला, की दहा हजारांवर मैल वाढतात आणि आपण थेट ३९,००० च्या पायरीवर! सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क आगगाडीने गेलात, तरी ते मैल आणि तो टप्पा हिशेबात धरतातच.

सुटी तिकिटे महाग की स्वस्त? पूर्वी एकेरी तिकीट परतीच्या निम्म्याहून बरेच महाग पडे, तेव्हा हे वर्तुळ फायद्याचे होते. आता स्वस्त विमानकंपन्या एकेरी तिकिटेच विकतात. चार-पाच गावे, मागील वर्गातली खुर्ची आणि ठरलेल्या तारखा एवढेच असेल, तर सुटी तिकिटे बहुधा जिंकतात. टप्पे लांब, मुक्काम पुष्कळ आणि खुर्ची पुढच्या वर्गाची असली, की पारडे फिरते. तारखा बदलायची मोकळीकही ह्या तिकिटात अधिक असते. भाडे निघण्याच्या देशावरून ठरते. म्हणून काही चतुर प्रवासी स्वस्त देशात जाऊन तिथून प्रदक्षिणा सुरू करतात. तिथवर जाण्याचा खर्च मात्र हिशेबात धरायला हवा, आणि कर व इंधनाचा अधिभार भाड्याच्या जाहिरातीत दिसत नाही, तोही.

एक खाच मात्र फार बोचते. मधला एक टप्पा न कळवता चुकवला, तर पुढचे सारे रद्द होऊ शकतात. सुट्या तिकिटांत तेवढे एकच बुडते.