कापसावरचं आयात शुल्क: फायदा शेतमजुराला, शेतकऱ्याला की गिरणीला?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं हटवलं. सुरुवातीला ही सूट ३० सप्टेंबरपर्यंत होती, नंतर ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमकी वेचणीच्या हंगामात. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं ताडकळस असो की मराठवाड्यातलं कापूस पिकवणारं दुसरं कुठलं गाव, चर्चा एकच होती: आता भाव पडणार. पण भाव पडला तर फटका नक्की कुणाला बसतो?

आधी मूळ प्रश्न: देश काय विकतो आणि काय विकत घेतो?

स्वीडनचे एली हेक्शर आणि बर्टिल ओहलिन यांचं उत्तर असं: ज्या देशात जे मुबलक, ते तिथे स्वस्त. मग ते जास्त लागणारा माल तो देश निर्यात करतो. भारतात मजूर मुबलक, म्हणून मजुरीवर चालणारा माल बाहेर जावा आणि भांडवलावर चालणारा आत यावा.

कापूस इथेच कोड्यात टाकतो. आपल्याकडे बोंडं हाताने वेचतात, म्हणजे कापूस हा मजुरांचा माल. तरी भारत अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझीलमधून रुईच्या गाठी आणतो. कारण तिथे वेचणी यंत्राने होते. एकच पीक, पण इकडे ते श्रमांवर उभं आहे आणि तिकडे यंत्रांवर. असं झालं की हेक्शर-ओहलिन यांचा अंदाज कोलमडतो. (लांब धाग्याच्या रुईची गरज हेही आयातीचं एक कारण आहे, पण ते वेगळं.)

शुल्क लावलं की मजुरीचं काय होतं?

१९४१ मध्ये वोल्फगांग स्टॉल्पर आणि पॉल सॅम्युअलसन यांनी याचा हिशेब मांडला. तो समजायला एक छोटा, काल्पनिक देश घेऊ. तिथे दोनच माल तयार होतात: कापूस आणि लोखंडी पाइप. एक माप कापसाला ३ दिवसांची मजुरी आणि १ वाटा भांडवल लागतं. एका पाइपला उलट, १ दिवसाची मजुरी आणि ३ वाटे भांडवल. दोन्हींची किंमत १२०० रुपये. स्पर्धा अशी की खर्च जाऊन काही उरत नाही. मग दिवसाची मजुरी ३०० रुपये आणि भांडवलाच्या वाट्याचं भाडंही ३०० रुपये येतं. ताळा करून पाहा: ९०० अधिक ३००.

आता आयात शुल्कामुळे कापूस १० टक्क्यांनी महागला, १३२० झाला. पाइप तिथेच. कापूस परवडतो म्हणून पेरा वाढतो आणि पाइपचा कारखाना आकसतो. आकसताना तो मजूर थोडे सोडतो, भांडवल पुष्कळ. कापसाला मात्र मजूर पुष्कळ हवेत. मजुरांसाठी ओढाताण होते, भांडवल पडून राहतं. नवा हिशेब जुळतो तो मजुरी ३४५ आणि भाडं २८५ वर.

किंमत वाढली १० टक्के, मजुरी १५ टक्के. त्यामुळे मजुराने सगळा पैसा महाग कापसावर घातला तरी तो आधीपेक्षा जास्त घेऊ शकतो. भांडवलवाल्याचं मात्र पाइप घ्या वा कापूस, दोन्हींत नुकसान. शुल्क काढलं की हाच हिशेब उलटा चालतो आणि मजुरी भावापेक्षा जास्त टक्क्यांनी खाली येते.

इथे परदेशी कापूस यंत्राने वेचला की हाताने, याने फरक पडत नाही. आपल्या शेतात तो कसा पिकतो, एवढंच मोजलं जातं.

मग ताडकळसमध्ये असंच होईल का?

लगेच नाही. मोठी अडचण जमिनीची. या हिशेबात जमीन नाहीच, आणि ती उचलून कारखान्यात नेता येत नाही. एक-दोन हंगामांत भाववाढीचा मोठा वाटा जमीनधारकाकडे जातो. मजुरी वाढते, पण भावापेक्षा कमी टक्क्यांनी. मग मजुराचं भलं झालं का, हे तो काय विकत घेतो त्यावर ठरतं. त्याच्या खर्चात कापड थोडं आणि धान्य-तेल जास्त असेल, तर थोडा फायदा होतो.

दुसरं, हमीभाव. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये होता. कापूस महामंडळाची, म्हणजे सीसीआयची, खरेदी वेळेवर सुरू असेल तर शुल्क हटल्याचा झटका तिथे अडतो. खरेदी उशिरा सुरू झाली, किंवा ओलाव्यामुळे माल परत गेला, तर शेतकरी खासगी व्यापाऱ्याकडे वळतो आणि झटका थेट बसतो.

तिसरं, सूतगिरणी. पाइपच्या कारखान्याला कापूस लागत नाही. गिरणीचा तो कच्चा माल. शुल्क असताना तिला मजूरही महाग आणि रुईही महाग, असा दुहेरी मार बसतो. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावल्यावर कापड उद्योगाला ही सूट का हवी होती, ते यातून कळतं.

लाभ कुणाकडे गेला हे गावातच ओळखता येतं. भावाबरोबर वेचणीचा किलोमागचा दर जास्त वाढला की खंडाने दिलेल्या जमिनीचा, एवढं दोन-तीन हंगाम टिपून ठेवावं. खंड पुढे पळाला आणि वेचणी मागे राहिली, तर शुल्काचं संरक्षण जमिनीला मिळालं, वेचणाऱ्या बाईला नाही.