उजव्या बाजूचे चिन्ह आणि मासेमारीचा हिशेब

बेल्जियमचे गणिती फेरहुल्स्ट यांनी १८३८ साली लोकसंख्यावाढीसाठी dN/dt = rN(1 − N/K) हे समीकरण मांडले आणि त्याची उकलही काढली. ती उकल आजही पाठ्यपुस्तकात असते. पण उकल न काढताच तिचे वर्तन ओळखायचे, हा प्रश्न प्वांकारे यांनी १८८१ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखांत धरला. त्यांचे लक्ष प्रतलातील वक्रांवर होते. आपले काम एका रेषेवर भागते.

अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ मिल्नर शेफर यांनी १९५४ साली फेरहुल्स्टचे समीकरण मासेमारीला लावले. आपण r = 1, K = 100 घेऊ आणि दरवर्षी ठरावीक h इतके मासे काढले जातात असे मानू:

dN/dt = N(1 − N/100) − h

h = 16 असेल, तर उजवी बाजू 20 आणि 80 येथे शून्य होते. एक रेषा काढून त्यावर हे दोन समतोल बिंदू मांडा. आता प्रत्येक भागातला एकच आकडा घालून चिन्ह पाहा: N = 10 ला ऋण, 50 ला धन, 90 ला ऋण. धन तिथे बाण उजवीकडे, ऋण तिथे डावीकडे. 80 कडे दोन्ही बाजूंनी बाण येतात, म्हणून तो स्थिर. 20 पासून दोन्हीकडे दूर जातात, म्हणून तो अस्थिर. साठा एकदा 20 च्या खाली गेला की तो संपतोच.

h वाढवत नेला की हे दोन बिंदू जवळ सरकतात आणि h = 25 ला 50 वर एकत्र येतात. इथे विद्यार्थी हमखास अडतात, कारण अवकलज शून्य येतो आणि त्यावरून काहीच ठरत नाही. चिन्ह मात्र बोलते. उजवी बाजू आता −(N − 50)²/100 आहे, म्हणजे दोन्हीकडे ऋण. वरून आलेला साठा 50 कडे येतो, पण खाली जरासा घसरला तर परत येत नाही. h = 26 ला समतोल बिंदूच उरत नाही.

शेफर यांनी स्वतः पकड ठरावीक धरली नव्हती. ती मासेमारीचे श्रम आणि साठा यांच्या प्रमाणात धरली होती. तसे पाहिले तर h ऐवजी eN येते. e = 0.5 घ्या. समतोल पुन्हा 50, वार्षिक पकडही पुन्हा 25. पण उजवी बाजू आता N(50 − N)/100 आहे: 50 च्या खाली धन, वर ऋण. तोच बिंदू आता स्थिर आहे, कारण साठा घटला की पकडही आपोआप घटते. दोन्ही धोरणांचा वार्षिक आकडा एकच दिसतो; फरक कळतो तो रेषेवर 50 च्या डावीकडचा बाण पाहिल्यावर.