पाळीच्या फळ्यावरचा भागाकार

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रबाळे, महापे, तुर्भे इथल्या कारखान्यांत सकाळच्या पाळीला मेंटेनन्सच्या टेबलावर एकच भांडण असते: आधी कोणाचे काम? प्रॉडक्शनला मशीन हवे, पॅकिंगला लाइन हवी आणि फिटर मात्र एकच. ज्याचा आवाज मोठा त्याचे काम आधी, हा जुना रिवाज. त्याला पर्याय म्हणून प्रत्येक कामाला मोल, निकड आणि मेहनत असे तीन गुण देऊन क्रम लावायची पद्धत आली. तिचे मूळ शोधत गेलो तर 1956 साली पोचतो.

त्या वर्षी अमेरिकी नौदलाच्या लॉजिस्टिक्सविषयक नियतकालिकात डब्ल्यू. ई. स्मिथ यांचा निबंध आला. प्रश्न साधा होता. मशीन एक, कामे अनेक, आणि प्रत्येक काम थांबले की तासागणिक काही नुकसान. तर एकूण नुकसान कमीत कमी कसे होईल? स्मिथ यांचे उत्तर असे: प्रत्येक कामाच्या ताशी नुकसानाला त्या कामाच्या वेळेने भागा आणि ज्याचा भागाकार मोठा ते काम आधी घ्या.

हे का खरे, ते दोन कामांवरून कळते. समजा एक काम तासाभराचे आहे आणि ते थांबल्याने ताशी 300 रुपये जातात. दुसरे चार तासांचे, त्याचे ताशी 800 जातात. कोणीही म्हणेल, 800 वाले आधी घ्या. पण छोटे काम आधी घेतले तर मोठ्याला एकच तास जास्त थांबावे लागते, म्हणजे 800 रुपये. मोठे आधी घेतले तर छोटे चार तास ताटकळते आणि 1200 जातात. भागाकार हेच सांगतो: एकाचा 300, दुसऱ्याचा 200. यादी कितीही लांब असली तरी शेजारच्या दोन-दोन कामांची अशीच अदलाबदल करत गेले की योग्य क्रम लागतो.

हा नियम पुढची अनेक वर्षे मुख्यतः गणिताच्या पुस्तकांत राहिला. 2009 साली डॉन राइनर्टसेन यांनी वस्तुविकासावरच्या आपल्या पुस्तकात तो ठळकपणे मांडला. उशिराची किंमत पैशांत मोजा, हा त्यांचा आग्रह. पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी बनलेल्या ‘सेफ’ या चौकटीने पैशांऐवजी तुलनात्मक गुण आणले: मोल, निकड आणि जोखीम कमी होणे यांची बेरीज, भागिले कामाचा आकार. गुण 1, 2, 3, 5, 8, 13 असे द्यायचे. एका वेळी एकच रकाना भरायचा आणि त्यातल्या सर्वांत छोट्या कामाला 1 द्यायचा.

जोखमीचा रकाना बाजूला ठेवून हेच सातच्या पाळीला लावून पाहू. पॅकिंग लाइनचा सेन्सर बदलायचा आहे: मोल 1, निकड 5, मेहनत 1, भागाकार 6. कूलिंग पंपाचा सील गळतो आहे, स्टँडबाय पंप चालू आहे: मोल 5, निकड 3, मेहनत 3, भागाकार 2.7. कन्व्हेयरचा गिअरबॉक्स उतरवून तपासायचा आहे: मोल 8, निकड 1, मेहनत 8, भागाकार 1.1. म्हणजे सेन्सर, सील, गिअरबॉक्स. सर्वांत मोलाचे काम शेवटी का गेले, हे फळ्यावर कोणीही वाचू शकतो आणि एखाद्या गुणावर हरकतही घेऊ शकतो.

मात्र या पद्धतीच्या मर्यादा तिच्या मुळातच आहेत. स्मिथ यांच्या गणितात सगळी कामे सुरुवातीलाच तयार असतात; म्हणून स्टोअरमध्ये ज्याचा स्पेअर नाही किंवा ज्याचे परमिट मिळालेले नाही, ते काम यादीत घेऊच नये. त्यात नुकसान दर तासाला सारखेच वाढते. क्रेन बारापर्यंतच मिळणार असेल तर भागाकार बाजूला ठेवून ते काम आधी बसवावे लागते. जिवाला धोका असलेल्या कामाला तर गुण द्यायचेच नाहीत, ते थेट पहिले.

बिघाड ओळखायच्या खुणाही ठरलेल्या आहेत. निकडीच्या रकान्यात सगळीकडे 13 दिसू लागले की तो रकाना निरुपयोगी झाला. रोज नवी छोटी कामे येत राहिली की गिअरबॉक्ससारखे मोठे काम मागेच पडते. लॉगबुकात एकच काम पाळीमागून पाळी दिसले तर त्याची निकड पुन्हा ठरवावी, किंवा त्याचे तुकडे करून त्यांना वेगळे गुण द्यावेत. आणि मोल प्रॉडक्शनने सांगावे, मेहनत मात्र जो पाना धरणार आहे त्यानेच. काम मागणाऱ्यानेच मेहनतीचा आकडा लिहिला तर तो नेहमी लहान निघतो, आणि भागाकारात सर्वांत जास्त फरक त्याच आकड्याने पडतो.

तेव्हा फळ्यावर नुसता क्रम लिहू नका. तिन्ही आकडे लिहा आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कोणी दिला तेही लिहा.