निळीची दोन घराणी

आपल्या भागातल्या जुन्या घरांत नीळ दोन कामांना येई. धुतलेल्या धोतरांना शेवटच्या पाण्यात घालायला, आणि दिवाळीच्या आधी भिंतीला चुना देताना त्यात चिमूटभर टाकायला. मराठी घरात तिला नीळ म्हणत, शेजारच्या कानडी घरात नीली. नाव एक, पुडी एक. मात्र 'नीळ' या शब्दाच्या पोटात तीन वेगळे पदार्थ आहेत. एक झाडापासून निघणारी, शेतात पिकणारी नीळ. दुसरा लाजवर्द नावाच्या दगडाची पूड. तिसरा कारखान्यात बनलेली, पुडीतली नीळ. गंमत अशी, की दुसरी आणि तिसरी रसायन म्हणून एकाच जातीच्या आहेत. अजिंठ्याच्या छतावरचा निळा आणि धोतराला दिलेली नीळ, या दोघींचे गोत्र एक, घराणी दोन.

रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे आणि पुढे जुन्या भिंतींच्या रंगांचे नमुने तपासण्याचा नाद लागल्यामुळे मला एक प्रश्न नेहमी ऐकावा लागतो. "हल्ली बंदुकीसारखे यंत्र निघाले आहे म्हणे, भिंतीला लावले की रंग कुठला ते सांगते. मग भिंतीचा तुकडा कशाला काढता?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर निळ्या रंगाइतके नीट दुसरा कोणताच रंग देत नाही, म्हणून आज निळ्याचीच गोष्ट सांगतो.

आधी यंत्र काय करते ते पाहू. त्यात क्ष-किरणांची लहानशी नळी असते. तिचे किरण भिंतीवर हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेवर पडतात. तिथल्या अणूंना धक्का बसतो आणि ते स्वतःचे क्ष-किरण परत फेकतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या किरणाची शक्ती ठरलेली असते. लोखंडाची 6.4, तांब्याची 8.05, कॅल्शियमची 3.69, अशी. मिनिटभरात पडद्यावर एक आलेख उभा राहतो, त्यातली शिखरे वाचायची. भिंतीला ओरखडाही पडत नाही, एका दिवसात पन्नास जागा पाहून होतात. याला एक्स-रे फ्लूरोसन्स म्हणतात, कामावरची माणसे नुसते एक्सआरएफ म्हणतात.

यंत्र सांगते ते एवढेच, की तिथे कोणती मूलद्रव्ये आहेत. रंग कोणता, हे ते सांगत नाही. ते आपण ताडायचे. तांबडा भाग आणि लोखंडाचे शिखर, तर गेरू. तांबडा भाग आणि पाऱ्याचे शिखर, तर हिंगूळ. इथवर सोपे असते. आता हेच यंत्र घेऊन अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या एखाद्या लेण्याच्या छताखाली, निळ्या पट्टीपाशी उभे राहिलो आहोत असे समजू.

आलेखावर कॅल्शियम दिसेल, लोखंड दिसेल, थोडे पोटॅशियम आणि थोडे टिटॅनियमही दिसेल. यांतले निळ्याचे कोणते? आधी तांबे पाहायचे. ते नसेल तर अझुराइट हे तांब्याचे निळे खनिज बाद झाले. मग कोबाल्ट. युरोपात सोळाव्या शतकापासून कोबाल्टची निळी काच दळून रंग करीत आणि पुढे तो दूरवर गेला. कोबाल्टचे मुख्य शिखर 6.93 वर येते आणि लोखंडाचे दुसरे, धाकटे शिखर 7.06 वर, म्हणजे जवळजवळ त्याच जागी. लोखंड भरपूर असलेल्या भिंतीत थोडासा कोबाल्ट त्या शिखराआड लपून जातो. म्हणून लोखंडाच्या दोन शिखरांचे प्रमाण पाहावे लागते. धाकटे शिखर नेहमीपेक्षा उंच असेल तर संशय घ्यायचा.

आता लोखंड. प्रशियन ब्लू नावाचा रंग लोखंडाचाच असतो. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये निघाला. मग हे शिखर त्याचे का? इथे अजिंठ्याची भिंत समजून घ्यावी लागते. कातळ आपल्या दख्खनचा काळा बेसाल्ट. त्यावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे धागे. त्यावर पांढरा पातळ हात आणि त्यावर रंग. रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा, पुष्कळदा त्याहूनही पातळ. क्ष-किरण तेवढ्यावर थांबत नाहीत, खाली गिलाव्यात शिरतात, आणि त्या मातीत लोखंड ठासून भरलेले. यंत्राला वरचे आणि खालचे वेगळे ओळखता येत नाही, ते सगळ्यांची बेरीज करून देते. म्हणूनच शहाणा माणूस निळ्याआधी शेजारचा उघडा गिलावा आणि कोरा पांढरा भाग मोजून घेतो. निळ्यात त्याहून लोखंड जास्त नसेल, तर ते निळ्याचे नव्हे. तरीसुद्धा प्रशियन ब्लू इतका तेज असतो, की अगदी थोडा पुरतो. त्याचे लोखंड गिलाव्याच्या लोखंडात बुडून गेले तर कळायचेही नाही.

टिटॅनियमने तर नवशिके हमखास फसतात. टिटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि नंतर. त्यामुळे पुस्तकात लिहिलेले असते, की टिटॅनियम दिसले म्हणजे हात विसाव्या शतकातला. युरोपातल्या चुन्याच्या भिंतीवर हे बरेचसे खरे ठरते. आपल्याकडे बेसाल्टच्या मातीतच टिटॅनियम आहे. ते शिखर पाहून पाचव्या शतकातल्या चित्राला आधुनिक ठरवणे म्हणजे माती वाचून माणसाचे वय सांगणे झाले.

तर मग अजिंठ्याचा निळा कुठला? लाजवर्द. त्याचे मोठे आणि जुने ठिकाण म्हणजे अफगाणिस्तानातले बदख्शान. लाजवर्दाचा निळा ज्या खनिजाने येतो ते सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि गंधक यांचे बनलेले असते. ही सगळी हलकी मूलद्रव्ये. त्यांचे किरण इतके दुबळे असतात, की भिंत आणि यंत्र यांच्यामधल्या हवेतच बहुतेक विरतात. सोडियम तर अशा यंत्राला दिसतच नाही. ॲल्युमिनियम-सिलिकॉन थोडे दिसले तरी तीच मूलद्रव्ये गिलाव्याच्या चिकणमातीत आहेत. झाडाची नीळ तर कार्बनी पदार्थ, तिच्यात यंत्राला दिसण्यासारखे काहीच नाही. म्हणजे अजिंठ्याच्या निळ्यापुढे यंत्र मुके होते. तांबे नाही, एवढे मात्र ते सांगते. उरतात चार उमेदवार: लाजवर्द, झाडाची नीळ, प्रशियन ब्लू आणि पुडीतली नीळ.

ही पुडीतली नीळ कशी आली तेही ऐकण्यासारखे आहे. लाजवर्द युरोपात इतका महाग होता, की 1824 साली फ्रान्समधल्या एका संस्थेने त्याला पर्याय शोधणाऱ्यास 6,000 फ्रँकचे बक्षीस लावले. 1828 साली ते गिमे याला मिळाले. त्याच सुमारास जर्मनीत ग्मेलिन यानेही आपली कृती जाहीर केली. चिकणमाती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून तेच निळे खनिज बनू लागले. सोन्याच्या तोलाचा रंग घरोघर धुण्यात गेला. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे, की भिंतीवर ही नीळ सापडली तर तो हात 1828 च्या फारसा आधीचा असू शकत नाही.

आता तुकडा का काढतात ते सांगता येईल. तुकडा म्हणजे अर्धा मिलिमीटरही नसलेला कण, टाचणीच्या टोकाएवढा. तो चांगल्या भागातून कधीच घ्यायचा नाही. जिथे रंग आधीच उडालेला आहे त्या कडेचा, पण गिलाव्यापर्यंतचे सगळे थर असलेला घ्यायचा. तो पारदर्शक राळेत उभा बसवायचा, राळ घट्ट झाली की बाजूने घासत जायचे आणि थरांची कापलेली कड आरशासारखी करायची. केकचा तुकडा बाजूने पाहावा तसे. अजिंठ्याचा रंग सरसासारख्या बंधकात कालवलेला आणि खाली माती, म्हणून घासताना पाणी वापरायचे नाही. माती फुगते आणि रंग सुटतो. कोरडे घासायचे नाहीतर पांढऱ्या टर्पेंटाइनवर.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन घराणी लगेच वेगळी होतात. दगडाच्या लाजवर्दाचे कण टोकदार, लहानमोठे, काही गडद तर काही फिके, आणि त्यांच्यामध्ये रंगहीन खनिजाचे खडे. क्वचित सोनमाखीचा चमकता कण. कारखान्याची नीळ बारीक, गोलसर, सगळे कण एका मापाचे. प्रशियन ब्लूचे कण इतके सूक्ष्म, की सुटे दिसत नाहीत, नुसता निळा डाग दिसतो. शंका राहिली तर सुट्या कणावर सौम्य आम्लाचा थेंब टाकायचा. लाजवर्द फिका पडतो आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. प्रशियन ब्लू आम्लाला दाद देत नाही, अल्कलीने मात्र तपकिरी होतो.

छेद आणखी एक गोष्ट दाखवतो, जी यंत्राला कधीच दिसणार नाही: क्रम. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या सेक्कोनी आणि ओरसिनी या इटालियन तंत्रज्ञांनी अजिंठ्याची चित्रे सावरली आणि त्यांवर लाखेचे रोगण दिले. पुढे ते पिवळे पडले. अतिनील प्रकाशात लाख नारिंगी चमकते, त्यामुळे छेदात ती एका रेघेसारखी उठून दिसते. निळा त्या रेघेच्या खाली, थेट पांढऱ्या हातावर बसलेला असेल, तर तो मूळ असण्याचीच शक्यता मोठी. रेघेच्या वर असेल, तर तो नंतरचा. मध्ये काजळीची काळी ओळ असेल, तर दोन हातांमध्ये बराच काळ गेला. इथेही सावध राहावे लागते. एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनीही चित्रे उठून दिसावीत म्हणून रोगण फासले होते. रोगणाची प्रत्येक रेघ 1920 ची नसते.

हे केवळ पंडितांचे कुतूहल नव्हे. पिवळे पडलेले रोगण काढायला कारागीर कापूस आणि द्रावण घेऊन मचाणावर चढतो, तेव्हा त्याला एकच गोष्ट हवी असते: हा निळा ठेवायचा की काढायचा? रेघेवरचा असेल तर रोगणाबरोबर तो निघून गेला तरी चालेल. खालचा असेल आणि हात चुकला, तर दीड हजार वर्षांपूर्वी बदख्शानहून आलेला रंग कापसाच्या बोळ्यावर येईल आणि परत मिळणार नाही.

तेव्हा यंत्र आधी, तुकडा नंतर. यंत्राने पन्नास जागा पाहून घ्याव्यात, म्हणजे तुकडे पन्नास न काढता तीन-चार पुरतात, आणि ते कुठून काढायचे हेही कळते. छेद बोलतो तो त्याच्या अर्ध्या मिलिमीटरपुरता. शेजारच्या हातभर भिंतीबद्दल तो शपथ घेत नाही. ती शपथ यंत्राच्या पन्नास आलेखांशी ताडूनच घ्यायची.

आपल्या गावच्या वाड्यांत, देवळांत निळ्या भिंती पुष्कळ आहेत, आणि त्या शिवकाळातल्या असल्याचे अभिमानाने सांगणारेही पुष्कळ. कुणी वाद घालू नये. चुन्यात मिसळलेला एक कण पुरतो. गोल, बारीक, एका मापाचे दाणे दिसले, तर ती भिंत आपल्या पणजीच्या धुण्याच्या पुडीची. भिंत त्याने उणी होत नाही, तिचे वय मात्र खरे कळते.